सल्ला हवा: सीए फायनल पेपर ६ (ओपन बुक), नोट्सना टॅब आणि अनुक्रमणिका कशी लावावी?

नाशिकची_आर्टिकल
पुढच्या अटेम्प्टला आयबीएस आहे. आधीच्या पाचही पेपरांच्या आणि लॉ-कॉस्टिंगच्या नोट्सच्या प्रिंट आहेत, ६ स्पायरल, साधारण १३०० पानं. मॉक दिला तेव्हा उत्तर डोक्यात होतं, पण नेमकं कलम शोधायला प्रत्येक वेळी चार-पाच मिनिटं गेली आणि शेवटची केस अर्धी राहिली. टॅब कोणते घ्यावेत, अनुक्रमणिका कशी करावी? बजेट ३०० रुपये. पुन्हा प्रिंट काढणं परवडणार नाही.

डोंबिवलीचा_दादा
लेबल प्रिंटर घे, डोळे झाकून. मी साडेतीन हजाराला घेतला. प्रत्येक टॅब छापील, एकसारखा. हाताने लिहिलेला टॅब परीक्षेच्या घाईत वाचता येत नाही. आणि सगळं एका जाड फाइलमध्ये लाव, सहा स्पायरल कशाला नाचवतेस?

सातारचा_शिलेदार
जाड फाइलची रिंग माझ्या परीक्षेत दुसऱ्या तासाला उघडली आणि दोनशे पानं जमिनीवर आली. स्पायरलच ठेव. टॅब मात्र प्रत्येक चॅप्टरला लाव, शिवाय प्रत्येक एसएला आणि प्रत्येक इंड एएसला. मी तसंच केलं होतं आणि पास झालो.

कोथरूडची_सीए_ताई
शिलेदार, चॅप्टर अधिक सगळे एसए अधिक सगळे इंड एएस म्हणजे दीडशे टॅब. एवढे झाले की ते एकमेकांवर चढतात आणि पुन्हा पानंच उलटावी लागतात. एका स्पायरलला १५-२० पुरेत.

नाशिकची, तुझं खरं दुखणं टॅबचं नाही. तू विषयवार शोधतेस आणि हा पेपर विषयवार येत नाही. केस वाचताना डोक्यात चॅप्टरचं नाव येत नाही, घडलेली गोष्ट येते. समज, केसमध्ये आहे की कंपनीने संचालकाच्या पत्नीच्या फर्मकडून बाजारभावापेक्षा जास्त दराने माल घेतला. तुझ्या मनात येणार "रिलेटेड पार्टी". पण त्यावर प्रश्न पाच बाजूंनी येऊ शकतो. कंपनी कायद्याचं कलम १८८, ऑडिटला एसए ५५०, अकाउंटिंगला इंड एएस २४, प्राप्तिकरात ४०ए(२) आणि जीएसटीत मूल्यांकनाचा नियम २८. या पाच गोष्टी तुझ्या पाच वेगवेगळ्या स्पायरलमध्ये आहेत.

म्हणून अनुक्रमणिकेत "रिलेटेड पार्टी" ही एकच ओळ कर आणि तिच्यापुढे विषयांचे रकाने. प्रत्येक रकान्यात स्पायरलचा आकडा आणि पान, म्हणजे ३-१४५ असं. एक ओळ सापडली की पाचही पानं हाताशी येतात. असेच कर्ज, भाडेपट्टा, परदेशी ग्राहक, विलीनीकरण, कंपनी चालू राहील की नाही याची शंका. असे ऐंशी-नव्वद शब्द पुरतात. एक्सेलमध्ये टाईप कर, पहिल्या रकान्यावर अ ते झेड लाव आणि आडव्या कागदावर चार पानांत बसव.

अकोल्याचा_अभ्यासू
माझं मत वेगळं आहे. ओपन बुक असलं तरी पुस्तक उघडायचंच नाही. मी चार तासांत तीनदाच उघडलं. पाठ असेल तर इंडेक्स लागत नाही.

कोथरूडची_सीए_ताई
समजलेलं असायला हवं, यात अर्धं बरोबर आहे. पण मर्यादेचा आकडा किंवा नेमकं पोटकलम खात्रीसाठी पाहावंच लागतं. तीनदाच उघडलंस, पण तिन्ही वेळा लगेच सापडलं म्हणूनच ना?

वकिलीणबाई_कोल्हापूर
सांभाळून गं. मी बारची परीक्षा दिली तेव्हा फक्त बेअर अ‍ॅक्ट चालत होते, नोट्स दारातच काढून घेतल्या. माझी रात्र रात्र जागून केलेली वही बाहेर राहिली, अजून वाईट वाटतं. तुम्ही नोट्स नेऊच नका.

नाशिकची_आर्टिकल
ताई, तुमची परीक्षा वेगळी. पेपर ६ ला छापील साहित्य आणि नोट्स चालतात, फक्त इलेक्ट्रॉनिक काही नाही.

कोथरूडच्या ताई, माझ्या अडचणीत एक भर. स्पायरल वेगवेगळ्या क्लासच्या नोट्सचे आहेत. एकाच स्पायरलमध्ये पान १ तीनदा येतं, काहींवर आकडाच नाही.

कोथरूडची_सीए_ताई
मग आधी तेच, टॅब नंतर. छापील आकड्यांकडे बघूच नकोस. उजव्या कोपऱ्यात लाल पेनाने स्वतःचे आकडे टाक, फक्त समोरच्या बाजूला. मागच्या बाजूला तोच आकडा आणि "मा". एका स्पायरलला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. हे न करता अनुक्रमणिका केलीस तर "पान ४२" म्हणजे कोणतं ४२, हा घोळ परीक्षेत होईल. माझ्या एका आर्टिकलचा तसा झाला होता.

सातारचा_शिलेदार
टॅब प्लास्टिकचेच घे. कागदी फाटतात.

डोंबिवलीचा_दादा
प्लास्टिकवर जेल पेनची शाई पसरते. म्हणूनच लेबल प्रिंटर म्हणालो.

सातारचा_शिलेदार
बारीक परमनंट मार्करने लिहिलं तर पसरत नाही. दहा मिनिटं वाळू द्यायचं.

एका_मुलाचा_बाबा
आमच्या चिरंजीवाने अप्पा बळवंत चौकातून कागदी टॅब आणले, साठ रुपयांत पाच रंग. लिहून झाल्यावर मी दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावली. बॅगेत कोंबूनही टिकले. खालच्या कडेला मात्र लावू नका, स्पायरल उभे ठेवले की दुमडतात.

अकोल्याचा_अभ्यासू
नवीन प्राप्तिकर कायद्याचं काय? १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा कायदा लागू आहे, कलमांचे आकडे बदललेत. टीडीएसची बहुतेक कलमं तर ३९३ मध्येच एकत्र आली. ४०ए(२) लिहिलेला टॅब चालेल का?

कोथरूडची_सीए_ताई
हा मुद्दा मोलाचा. आपल्या अटेम्प्टला कोणता कायदा आहे ते इन्स्टिट्यूटच्या घोषणेत बघूनच ठरवा. टॅबवर कलम न लिहिता विषय लिहा, "टीडीएस", "नातेवाइकाला जादा पैसे". आकडा अनुक्रमणिकेत पेन्सिलने. बदलला तर खोडता येतो.

पेपर_चार_वेळा
वर सांगितलंय तसं विषयाचा शब्दच लिहा, कलम नको. आणि यादी तपासल्याशिवाय नेऊ नका. मी नेली, तीही माझ्या मैत्रिणीची. तिचे शब्द मला आठवेनात. तिने "गोइंग कन्सर्न" लिहिलेलं, मी "तोटा" शोधत बसले. पुढच्या वेळी मॉक देताना जे यादीत सापडलं नाही तो शब्द शेवटच्या पानावर लिहीत गेले आणि रात्री भर घातली. पहिल्या मॉकला १९ शब्द निघाले, तिसऱ्याला ४. मग थांबले.

कोथरूडची_सीए_ताई
हेच. एकच गोष्ट दोन शब्दांखाली गेली तरी चालेल, "तोटा" आणि "गोइंग कन्सर्न" दोन्ही लिहा. शब्द ते पान पंधरा सेकंदांत झालं पाहिजे, घड्याळ लावून बघा.

नाशिकची_आर्टिकल
सगळ्यांचे आभार. दोन रात्री बसून १३०० पानांना आकडे टाकले आणि यादी झाली, ९४ ओळी. टॅब मात्र घेतले नाहीत. स्पायरल घट्ट दाबून धरला आणि पानांच्या उजव्या कडेवर स्केचपेनने रंग ओढले, प्रत्येक विषयभागाचा पट्टा आधीच्यापेक्षा थोडा खाली. बोट ठेवलं की तोच भाग उघडतो. खर्च ४० रुपये, यादीच्या प्रिंटचा. काल "रिलेटेड पार्टी" लावून पाहिलं, कलम १८८ ला ११ सेकंद, नियम २८ ला २०.

सातारचा_शिलेदार
कडेचा रंग फक्त भाग दाखवतो, नेमकं पान नाही. निदान वीस टॅब लाव गं.

एका_मुलाचा_बाबा
रंग ओलसर हाताला लागेल. कडेवर आधी एकदा बोट फिरवून बघ.

नाशिकची_आर्टिकल
लागतो, बाबा. आज कापडाने पुसून पुन्हा वाळवतेय. पण टॅब नको, नियम २८ चे २० सेकंद कमी करायला त्या पानावर फक्त एक कोपरा दुमडलाय.