मदत हवी आहे: भाचीचा पहिला फोन, बजेट 9,200, सेकंडहँड घ्यावा का?

कळवा_खाडी
भाची अकरावीत आहे, कळव्याला राहते. बिल्डिंगमधल्या तिसरीच्या दोन मुलांची शिकवणी घेते, प्रत्येकी महिना 600. जून ते जानेवारी मिळून 9,600 झाले, झेरॉक्स आणि खडू-पाटीचे 400 गेले. हिशोब वहीत तारखेसकट लिहिलेला आहे आणि घरच्यांचा एक रुपया घालायचा नाही असं तिचं म्हणणं. ठाणे स्टेशनजवळ एका दुकानात तीन वर्षं जुना, चांगल्या कंपनीचा फोन 8,500 ला आहे. बॉक्स आहे, बिल "हरवलंय". काय काय तपासायचं?

झुंबर
एवढं कशाला झुरायचं? ईएमआयवर 20,000 चा नवा घ्या, महिन्याला 1,200 तर ती कमावतेच आहे.

कळवा_खाडी
अहो, ती सोळा वर्षांची आहे. कर्ज माझ्या नावावर येईल. आणि मे महिन्यात शिकवणी बंद असते, तेव्हा हप्ता कोण भरणार? प्रश्न जुन्या फोनबद्दल आहे.

बारीक_पेचकस
आधी आयएमईआय. दुकानातच फोनवर `*#06#` दाबायचं. दोन सिमचा फोन असेल तर दोन नंबर येतील, दोन्ही बॉक्सवरच्या स्टिकरशी एकेक आकडा जुळवायचे. हा नंबर मदरबोर्डबरोबर राहतो, त्यामुळे जुळत नसेल तर एकतर बोर्ड बदललाय किंवा बॉक्स दुसऱ्याच फोनचा आहे. मग आपल्या मोबाइलवरून 14422 ला एसएमएस करायचा, पंधरा आकडे सलग:

```
KYM <IMEI>
```

उत्तरात ब्लॅकलिस्टेड किंवा डुप्लिकेट आलं तर विषय संपला.

सानपाडा_लोकल
बस, तो मेसेज ठीक आला की फोन चोरीचा नाही. बॅटरीसाठी `*#*#4636#*#*` दाबा, Good दिसलं की निर्धास्त घ्या.

बारीक_पेचकस
अर्धंच बरोबर आहे. चोरीला गेलेला फोन मूळ मालकाने पोलिसांत तक्रार देऊन ब्लॉक करायला टाकला, की मगच यादीत येतो. आज स्वच्छ दिसणारा फोन पंधरा दिवसांनी बंद पडू शकतो. म्हणून दुकानाच्या छापील बिलावर दोन्ही आयएमईआय लिहून सही-शिक्का घ्यायचा. तेवढं लिहून द्यायला दुकानदार का-कू करत असेल तर उठायचं.

तो कोड सगळ्या फोनवर चालतही नाही. चालला तरी Good म्हणजे बॅटरी तापलेली नाही, व्होल्टेज ठीक आहे, एवढंच. ती किती झिजलीय ते त्यातून कळत नाही. त्यापेक्षा ब्राइटनेस पूर्ण करून वीस मिनिटं व्हिडिओ लावा. टक्के एकेक करत उतरले तर ठीक. 46 वरून एकदम 39 वर उडी मारली, किंवा 20-25 टक्के शिल्लक असताना फोन बंद पडला, तर बॅटरी गेली.

दुसरी फसगत गुगल खात्याची. जुन्या मालकाचं खातं न काढता बटणं दाबून रिसेट केलेला फोन वरवर कोरा दिसतो, पण नेट जोडल्यावर आधीचं खातं मागतो. म्हणून समोर Settings मधून खातं काढायला लावा, तिथूनच रिसेट करायला लावा, आणि वायफाय जोडून भाचीचं खातं घातल्यावर, होम स्क्रीन आली की मगच पैसे मोजा. हप्त्यावर घेतलेल्या फोनमध्ये फायनान्सवाल्यांचं लॉक ॲप असतं, हप्ते थकले की फोन अडकतो. रिसेटच्या आधीच Settings च्या शोधपट्टीत device admin टाकून यादी बघा.

पाचपाखाडी
किमतीचं गणित कोणी मांडलं नाही. तीन वर्षांच्या फोनला बॅटरी बदलावी लागणार असं धरूनच चाला. साधारण 1,300, कव्हर आणि काच 300. म्हणजे 8,500 चा फोन 10,100 ला पडतो. तिच्या वहीत 9,200 आहेत. तेव्हा 7,500 च्या वर बोलूच नका.

सानपाडा_लोकल
मग त्यापेक्षा 9,000 चा नवा घ्या की. वॉरंटी तरी मिळेल.

बारीक_पेचकस
त्या किमतीत बहुतेकदा 4 जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीचं, संथ स्टोरेज मिळतं. वर्षभरात 64 जीबी भरली की कॅमेरा उघडायलाही थांबावं लागतं. पण नव्याला सिक्युरिटी अपडेट पुढे येत राहतील, याचे कदाचित बंदही झाले असतील. About phone मध्ये शेवटच्या अपडेटची तारीख बघा. मी जुन्याच्या बाजूने आहे, पण बिल असेल तरच.

पाचपाखाडी
सिमही तिच्या नावावर मिळणार नाही, अठरा पूर्ण लागतात. आईच्या नावावर काढा.

कळवा_खाडी
काल गेलो होतो. एसएमएसचं उत्तर ठीक आलं, पण बॉक्सवरचे शेवटचे चार आकडे वेगळे. दुकानदार म्हणाला, "बॉक्स अदलाबदल झाला असेल, 7,000 द्या." बिलावर आयएमईआय लिहायला मात्र तयार नव्हता. भाचीने पैशांचं पाकीट दप्तरात परत ठेवलं. आता वाशीला बघायचं म्हणतेय. छापील बिल देणारं तिकडचं दुकान कोणाला माहीत आहे का?