क्रिएटिनिन ‘नॉर्मल’, पण गरोदरपणात?

> बहिणीला २८वा आठवडा चालू आहे. क्रिएटिनिन ०.९ आलंय, लॅबच्या ०.६ ते १.१ या रेंजमध्येच आहे. तरी डॉक्टर परत तपासा म्हणतात. उगाच खर्च ना?

उगाच नाही. ती रेंज गरोदर नसलेल्या बायकांची आहे.

गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच रक्तवाहिन्या सैलावतात. मग हृदय दर मिनिटाला जास्त रक्त ढकलू लागतं आणि त्यातला मोठा वाटा मूत्रपिंडांकडे जातो. त्यामुळे पहिली तिमाही संपेपर्यंत मूत्रपिंडांची गाळण जवळपास दीडपट होते. क्रिएटिनिन हा मूत्रपिंडं गाळून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ; तो मात्र स्नायूंतून साधारण पूर्वीइतकाच तयार होतो, म्हणून रक्तातलं त्याचं प्रमाण उतरतं.

समजा, बहिणीचं आधीचं क्रिएटिनिन ०.८ होतं. दीडपट गाळणीला ते ०.५ च्या आसपास यायला हवं. ०.९ म्हणजे गाळण वाढलेली तर नाहीच, उलट थोडी कमी झालेली असू शकते. गरोदरपणाआधीचा रिपोर्ट घरात असेल तर शोधून डॉक्टरांना दाखवा, त्यावरून बरंच कळेल. रिपोर्टवर ईजीएफआर, म्हणजे क्रिएटिनिनवरून सूत्राने काढलेला गाळणीचा अंदाज, छापला असेल तर सोडून द्या, ते सूत्र गरोदरपणात चालत नाही.

उलट्या-जुलाबांनी पाणी कमी पडलं असेल तरी आकडा चढतो. पण या आठवड्यात खरी शंका प्रीएक्लॅम्प्सियाची, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढून मूत्रपिंडांसारख्या अवयवांना त्रास होणाऱ्या आजाराची असते, म्हणून बीपी आणि लघवीतलं प्रोटीन सोबतच तपासून घ्या. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे चमकणं, बरगडीखाली उजवीकडे दुखणं यांपैकी काही असेल तर तपासणीच्या तारखेची वाट न बघता आजच दाखवा. नुसते पाय सुजणं निरोगी गरोदरपणातही असतं.