मदत हवी आहे: वेबसाइट अर्धवट, शेवटचा हप्ता रोखायचाय, पत्रात काय लिहू?

नमस्कार, माझा घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे, चिपळूणला. ८० हजारांत वेबसाइट ठरली होती, ५६ हजार देऊन झालेत, २४ राहिलेत. ३ तारखेला डेव्हलपरने साइट हातात दिली आणि लगेच बिल पाठवलं, पण कोटेशनमध्ये लिहिलेल्या तीन गोष्टी नाहीतच: पिनकोडनुसार डिलिव्हरी चार्ज, ऑर्डरसोबत जीएसटी बिल, आणि स्टॉक संपला की ऑर्डर बंद होणं. फोनवर तीनदा सांगितलं, "करतो ताई" म्हणतो फक्त. आज १२ तारीख. पैसे बुडवायचे नाहीयेत मला, काम पूर्ण हवंय.

घाटावरचा: सरळ वकिलाची नोटीस पाठवा, ५६ पण परत मागा. काम अर्धवट म्हणजे करार मोडला.

जुनी_फाइल: सगळे परत कसे मिळतील, साइट तर त्या वापरतायत. ताई, आधी बघा त्याच्या बिलावर उद्यम नंबर आहे का. असेल तर एमएसएमईचा २००६ चा कायदा लागू शकतो, त्यात काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर तुम्ही काम स्वीकारलं असं धरतात, आणि पुढे पैसे थकले तर बँक रेटच्या तिप्पट व्याज. फोनवर बोललेलं त्यात धरत नाहीत. म्हणजे १८ च्या आत पत्र जायलाच हवं, ईमेलने आणि स्पीड पोस्टने, दोन्ही.
पत्रात "साइट नीट चालत नाही" असं मोघम लिहू नका. असं लिहा: "कोटेशनमधला मुद्दा ४, पिनकोडनुसार डिलिव्हरी चार्ज. १० तारखेला ४१५६०५ आणि ४११०३८ टाकून पाहिलं, दोन्हीला ८० रुपयेच लागले." सोबत स्क्रीनशॉट. तिन्ही मुद्दे असेच, मग दुरुस्तीची तारीख, आणि तपासून बरोबर निघालं की किती दिवसांत २४ हजार देणार तेही. रक्कम रोखलीय, नाकारलेली नाही, हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

कोडवाली: मी स्वतः डेव्हलपर आहे, क्लायंट शेवटी नवीनच कामं काढतात आणि पैसे अडवतात, माझे १८ हजार वर्षभर अडकलेत. स्टॉकचं खरंच लिहिलं होतं का?

मूळ धागाकर्ती: हो, मुद्दा ६, "स्टॉक मॅनेजमेंट" एवढंच. तुमचे पैसे अडकले ते वाईटच झालं.

कोडवाली: मग तो म्हणेल आकडा दिसतो तेवढंच ठरलं होतं. आधीच्या चॅटमध्ये ऑर्डर बंद व्हायचं लिहिलेलं सापडलं तर ते जोडा, नाहीतर तो मुद्दा कच्चा आहे. अजून एक तपासा, यूपीआयने पैसे भरून लगेच ब्राउझर बंद करा. ऑर्डर `Pending payment` वरच राहिली तर वेबहुक, म्हणजे पैसे आल्याचं साइटला आपोआप कळवणारी जोडणी, लावलेला नाही, तुमच्याकडे पैसे येतील आणि ऑर्डर कळणारच नाही. हे तर मसाल्यापेक्षा तिखट लागेल.

मूळ धागाकर्ती: आत्ताच करून पाहिलं, तशीच राहिली! हेही पत्रात घालते. स्टॉकचं चॅट शोधतेय. पण डोमेन आणि होस्टिंग दोन्ही त्याच्या नावावर आहे, पत्र मिळाल्यावर त्याने साइट बंद केली तर?

जुनी_फाइल: पत्राआधी आज रात्रीच पूर्ण बॅकअप उतरवून घ्या. डोमेन तुमच्या नावावर करून द्यायचं कोटेशनमध्ये कुठे लिहिलंय का?

मूळ धागाकर्ती: नाही ना.