मदत हवी आहे: पासपोर्ट १८ ऑगस्टला संपतो, फेब्रुवारीत सहा महिने भरतात का?

कृषीकेंद्र_दारव्हा
मंडळी, जरा लवकर सांगा. माझ्या पासपोर्टची मुदत १८ ऑगस्ट २०२६ पर्यंत आहे. बियाणं कंपनीने विक्रेत्यांची टूर काढली आहे, १६ फेब्रुवारीला निघायचं आहे. टूरवाला म्हणतो सहा महिने शिल्लक पाहिजेत, बघून कळवा. १६ फेब्रुवारी ते १६ ऑगस्ट सहा महिने होतात, वर दोन दिवस उरतात. म्हणजे चालतं ना? उद्या सकाळी त्याला हो की नाही सांगायचं आहे आणि इकडे दुकानात हरभऱ्याच्या फवारणीची गर्दी आहे.

वर्धेची_ताई
दादा, जाताय कुठे ते लिहिलंच नाही. प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो. माझी मुलगी जर्मनीत आहे. तिच्याकडे जाताना आम्हाला सहा महिने नव्हे, तिकडून परत निघायच्या तारखेनंतर तीन महिने मुदत हवी होती, आणि पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा होता.

काकाजी_पुसद
नेपाळले जात असान तं पासपोर्टच लागत नाही बाप्पा. आम्ही मतदार ओळखपत्रावर पशुपतिनाथाचं दर्शन करून आलो. कायले एवढी काळजी करता?

कृषीकेंद्र_दारव्हा
काकाजी, नेपाळ नाही. सिंगापूर-मलेशिया आहे. विमान मुंबईहून.

संत्रावाला_वरुड
सहा महिने म्हणजे १८० दिवस, सरळ हिशेब आहे. १६ फेब्रुवारीत १८० दिवस मिळवले की १५ ऑगस्ट येतो. तुमच्याकडे तीन दिवस जास्तच आहेत. बिनधास्त हो म्हणा.

तिकीट_खिडकी
थांबा, हो म्हणू नका. मी नागपुरात बरीच वर्षं तिकिटांचं काम केलं आहे, म्हणून सांगतो. घरून निघायची तारीख इथे कामाचीच नाही. सिंगापूर आणि मलेशिया दोघेही तुम्ही त्यांच्या देशात शिरता त्या दिवसापासून सहा महिने बघतात. म्हणून आधी सांगा, कोणत्या तारखेला कोणत्या देशात पाय ठेवणार? आणि संत्रावाले भाऊ, १८० दिवस धरू नका. १७ फेब्रुवारी ते १७ ऑगस्ट मोजा, १८१ भरतात. वर्षाच्या दुसऱ्या अर्ध्यात तेच सहा महिने १८४ दिवसांचे होतात. नियम महिन्यांचा आहे तर तारखेला तारीख लावूनच बघा.

कृषीकेंद्र_दारव्हा
१६ च्या रात्री विमान, १७ ला सकाळी सिंगापूर. २० ला तिथून बसने मलेशिया. २३ ला क्वालालंपूरहून परत. पण मुंबईला एकदा पासपोर्ट तपासला की झालं ना? मधे कोण बघतो?

तिकीट_खिडकी
तुमची अडचण नेमकी त्या बसमध्ये आहे. सिंगापूरसाठी १७ फेब्रुवारीला सहा महिने मिळवा, १७ ऑगस्ट येतो. पासपोर्ट १८ पर्यंत आहे, म्हणजे एका दिवसाने तुम्ही आत आहात. मलेशियात शिरणार २० ला, तिथे २० ऑगस्टपर्यंत मुदत हवी. दोन दिवस कमी पडतात.

बस सीमेवर थांबली की सगळ्यांना उतरवतात. आधी सिंगापूरची बाहेर पडायची तपासणी, मग पुढे मलेशियाचं इमिग्रेशन, आणि तिथला अधिकारी मुदत नव्याने बघतो. त्याने परत पाठवलं तर सिंगापूरवाले पुन्हा आत घेतील का, हा पुढचा प्रश्न. मुंबईच्या काउंटरवर पुढचा मलेशियाचा टप्पा विचारतीलच असं नाही, म्हणून तिथे सुटलात तरी निश्चिंत होऊ नका.

संत्रावाला_वरुड
एवढं कोणी बघत नाही हो. माझा साळा अमेरिकेला गेला तेव्हा चारच महिने शिल्लक होते. कोणी अडवलं नाही.

तिकीट_खिडकी
अमेरिकेचं बरोबर आहे. काही देशांच्या पासपोर्टला ते ही सहा महिन्यांची अट लावत नाहीत आणि त्या यादीत भारत आहे. तिथे राहायच्या काळापुरती मुदत असली की पुरते. पण ती सवलत मलेशिया देत नाही. साळ्याच्या अनुभवावर यांना बसमध्ये बसवू नका.

वर्धेची_ताई
दादा, तारीख पक्की १८ च आहे ना? जुन्या पासपोर्टवर प्लास्टिक चमकतं, १६ आणि १८ सारखेच दिसतात.

कृषीकेंद्र_दारव्हा
फोटो काढून मोठा करून बघितला. १८ वाटते, पण आठाजवळ डाग आहे.

तिकीट_खिडकी
फोटोच्या पानावर खाली बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी आहेत. दुसऱ्या ओळीत जन्मतारखेच्या पुढे `M` दिसेल, त्याच्या लगेच नंतरचे सहा अंक बघा. ती मुदत असते, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. `260818` असेल तर १८ ऑगस्ट पक्की.

कृषीकेंद्र_दारव्हा
`260818` आहे. मग आता काय? शिक्का मारून मुदत वाढवून मिळते का? आणि कंपनीची आणखी एक तुकडी आठवडाभर आधी, ९ ला निघते. तिच्यात गेलो तर?

तिकीट_खिडकी
दहा वर्षांच्या पासपोर्टची मुदत वाढत नाही, नवीनच पुस्तिका काढावी लागते. आधीच्या तुकडीत तुम्ही १३ फेब्रुवारीला मलेशियात शिराल, १३ ऑगस्टपर्यंत मुदत हवी, तुमच्याकडे पाच दिवस जास्त. कागदावर बसतं. पण टूर पाचपेक्षा जास्त दिवस पुढे सरकली की पुन्हा तोच घोळ.

डिसेंबर चालू आहे, मी तर नवीन काढा म्हणेन. मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून अर्ज करता येतो. पोर्टलवर `Re-issue of Passport` निवडा आणि कारणात मुदत संपत आल्याचा पर्याय घ्या. ३६ पानांच्या पुस्तिकेला साधी फी १५०० रुपये, तत्काळला ३५००. एक मात्र सांभाळा. नवीन पुस्तिकेचा नंबर बदलतो, जुनी रद्द होते. टूरवाल्याने सिंगापूरचा व्हिसा जुन्या नंबरवर टाकला तर तो वाया जाईल. उद्या त्याला पहिलं हेच सांगा, कागद थांबव.

काकाजी_पुसद
पोलीस पडताळणीत अडकते बाप्पा सगळं. आमच्या पुतण्याच्या वेळी जमादार दोनदा घरी आला, पोरगं वावरात. त्याले भेटलंच नाही.

कृषीकेंद्र_दारव्हा
तीच भीती आहे. पासपोर्टवर नागपूरच्या खोलीचा पत्ता आहे, आता मी गावात राहतो. जुनाच पत्ता ठेवला तर लवकर होईल का?

तिकीट_खिडकी
नाही, तसं करू नका. आज राहता तोच पत्ता द्या. जुन्या पत्त्यावर तुम्ही सापडला नाहीत तर अहवाल उलटा जातो आणि खुलासा करत बसावं लागतं. तत्काळमध्ये पडताळणी बहुधा पासपोर्ट हातात आल्यावर होते, पण तसंच होईल हे केंद्रातला अधिकारी तुमचे कागद बघून ठरवतो. मी इथून खात्री देऊ शकत नाही.

संत्रावाला_वरुड
मी अजूनही म्हणतो, ९ ची तुकडी घ्या आणि मोकळे व्हा. साडेतीन हजार कशाला घालता?

कृषीकेंद्र_दारव्हा
टूरवाल्याला आत्ताच फोन लावला. व्हिसाचे कागद अजून गेलेले नाहीत, थांबवले. ९ च्या तुकडीत जागा आहे का ते परवा सांगतो म्हणाला. तोवर अपॉइंटमेंटची तारीख बघून ठेवतो. आधार गावच्या पत्त्यावर आहे, ते एक बरं आहे.

वर्धेची_ताई
वहिनी आणि लेकरंही सोबत असतील तर त्यांचेही पासपोर्ट आजच काढून बघा. लहान मुलांचा पाच वर्षांचाच असतो, तो आधी संपतो.

कृषीकेंद्र_दारव्हा
लेकरं नाहीत ताई, पण सौ. येते आहे. तिचा पासपोर्ट लॉकरमध्ये आहे, सोमवारी बँक उघडली की बघतो.