उद्दिष्टांमधला ‘संघर्ष’ की ‘विसंगती’?

गोदाकाठ: मुलगी बारावीला आहे. ‘पतधोरणाच्या उद्दिष्टांमधील संघर्ष’ यावर तिला टीप लिहायची होती. क्लासच्या सरांनी ‘संघर्ष’ खोडून तांबड्या शाईने ‘विसंगती’ केलं. मला ते पटत नाही. कुठला शब्द बरोबर?

जुना मास्तर: विसंगतीच. संघर्ष माणसांचा होतो. भाव स्थिर ठेवायचे आणि रोजगारही वाढवायचा, या दोन गोष्टी एकत्र नांदतच नाहीत.

सिन्नरकर: मास्तर, नांदतात की. मागणीच आटली तर भावही थंडावतात आणि कारखान्यातल्या पाळ्याही कमी होतात. तेव्हा व्याजदर उतरवला की दोन्हींचं भलं होतं. खरी पंचाईत होते ती तेल महागलं किंवा रुपया घसरला की. २०१३चंच बघा. रुपया घसरत होता, भाव चढत होते आणि वाढ मंदावली होती. रुपयासाठी व्याज वाढवावं तर कारखानदार मरतो. म्हणून जुलैत रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे बँकांना नेहमीचं उसनं द्यायचा दर, ७.२५ टक्क्यांवरच ठेवला, पण बँकांनी अडीनडीला रात्रीपुरतं घ्यायच्या उसन्याचा, म्हणजे एमएसएफचा, दर १०.२५ केला. शिवाय रेपोवर मिळणारी रक्कम आखडली. कागदावर रेपो जिथल्या तिथे, पण बँकेला वरचा पैसा महाग. माझं अंबडला छोटं युनिट आहे, तेव्हा सीसीचं, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं, व्याज वाढल्याचं पत्र अजून फायलीत आहे. एवढं करूनही ऑगस्टअखेर डॉलर ६८ रुपयांपलीकडे गेला. याला मी ‘ओढाताण’ म्हणेन, कारण दोर एकच आणि ओढणारे अनेक.

निफाडची सुनीता: भाव स्थिर राहावेत हे आम्हालाही हवंय हो! लासलगावला सकाळी एक भाव, दुपारी दुसरा. रिझर्व्ह बँक त्याचं काही करेल का?

सिन्नरकर: ताई, तो एकट्या कांद्याचा भाव. बँक बघते ती सगळ्या घरखर्चाची सरासरी. तीही जागच्या जागी थांबवायची नसते. २०१६पासूनचं लक्ष्य आहे वर्षाला ४ टक्के वाढ, दोन इकडे-तिकडे.

गोदाकाठ: मग ‘किंमत स्थैर्य’ हाच शब्द फसवा झाला की!

जुना मास्तर: फसवा नाही, अपुरा म्हणा. पण ‘ओढाताण’ बोलीतला शब्द आहे, उत्तरपत्रिकेत शोभत नाही. आणि ‘भाववाढ’ नको, ‘चलनवाढ’ लिहा. चलन वाढतं म्हणून भाव वाढतात, कारण शब्दातच आहे.

सिन्नरकर: तेवढंच कारण नसतं. २०१३ला डिझेल महागलं त्यात रुपयाच्या घसरणीचाही हात होता. आपल्याकडे नोटा जास्त छापल्या म्हणून डॉलरमधलं तेल महागलं नव्हतं.

निफाडची सुनीता: आमच्याकडे ‘भाव वाढला’ म्हटलं की घरात पेढे येतात. ‘महागाई’ म्हटलं की सासूबाई कपाळाला हात लावतात. एकच गोष्ट, पण कुठल्या बाजूने बघता त्यावर शब्द ठरतो. आणि रुपया पडला की द्राक्षं बाहेर पाठवणारे मामा खूश, खताचं बिल बघून मात्र तेही गप्प!

जुना मास्तर: सुनीताताई, ‘महागाई’ची व्युत्पत्ती ‘महार्घ’वरून, बरं का. अर्घ म्हणजे मोल.

गोदाकाठ: मास्तर, ते छान आहे, पण सोमवारी वही द्यायची आहे. ‘संघर्ष’ ठेवू का?