फोर्डचा रबराचा मळा: रिलेटेड म्हणायचा की नाही?

सायली: फोर्डनं टायरच्या रबरासाठी १९२८ मध्ये ब्राझीलच्या जंगलात मळा उभारायला घेतला. रबर गाडीलाच लागणार, मग हे रिलेटेड डायव्हर्सिफिकेशन, म्हणजे आपल्या धंद्याशी नातं असलेल्या धंद्यात शिरणं, झालं ना? आणि अनरिलेटेड, म्हणजे अगदीच वेगळ्या धंद्यापेक्षा सुरक्षितच?

इरफान: रिलेटेडच. रबर नाही तर टायर नाही, टायर नाही तर गाडी नाही. १९२२ पासून ब्रिटिशांनी निर्यातीवर बंधनं घालून भाव चढवले होते. निर्णय बरोबर होता, नशीब आडवं आलं.

मेघना: नशीब कसलं, इरफान? माल पुरवठ्याच्या साखळीत बसतो म्हणून ते व्हर्टिकल इंटिग्रेशन, म्हणजे त्याच साखळीतला आधीचा किंवा पुढचा टप्पा स्वतःच हाती घेणं. रिलेटेड म्हणायला एका धंद्यातलं कसब दुसऱ्यात उपयोगी पडावं लागतं, आणि गाड्या जोडणाऱ्यांना झाडांतलं काही कळत नव्हतं. तिथल्या जंगलात रबराची झाडं एकमेकांपासून लांब उगवतात. फोर्डच्या माणसांनी ती दाटीनं लावली आणि पानांवरचा रोग झाडागणिक पसरत गेला. शेवटी १९४५ मध्ये मोठा तोटा सोसून मळा ब्राझील सरकारला विकावा लागला.

शिवाय १९२८ मध्येच ब्रिटिशांनी बंधनं उठवली. रबर विकणारे पुष्कळ, घेणारेही पुष्कळ. असा माल बाजारातून घ्यावा, फार तर लांब मुदतीचा करार करावा. जनरल मोटर्सनं १९२६ मध्ये गाड्यांच्या बॉडी बनवणारी फिशर बॉडी ही कंपनी पूर्ण ताब्यात घेतली, ते मला पटतं. बॉडीचे पत्रे दाबायचे साचे एकाच मॉडेलसाठी बनतात, दुसऱ्या गिऱ्हाइकाला त्यांचा उपयोग शून्य. तिथं एकानं दुसऱ्याला कोंडीत पकडायची भीती खरी असते.

इरफान: पण फिशरनं जनरल मोटर्सला कोंडीत पकडलं, ही कथाच अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी २००० मध्ये खोडून काढली. त्यांच्या मते करारानं भागलं असतं.

मेघना: हो, त्या इतिहासावर वाद आहे. साचे दुसरीकडे चालत नाहीत, यावर नाही.

प्रसाद: आमच्या कंपनीनं स्वतःचे ट्रक घेतले. मंदीत माल निम्म्यावर आला, ट्रक उभे, हप्ते आणि ड्रायव्हरांचे पगार मात्र चालूच. भाड्याचे असते तर फेऱ्या कमी केल्या असत्या. म्हणून मी म्हणतो, धोका विभागायचा तर सरळ वेगळ्याच धंद्यात शिरा.

मेघना: ट्रकचं अगदी बरोबर. साखळीतले सगळे टप्पे एकाच मागणीवर जगतात, ती आटली की सगळे एकदम बसतात. पण पुढचा निष्कर्ष मान्य नाही. धोका विभागायला भागधारक स्वतःच दोन कंपन्यांचे शेअर घेऊ शकतो, त्यासाठी कंपनीनं दुसरा धंदा कशाला विकत घ्यायचा? मुख्यालयानं भागधारकाला न जमणारं काही करायला हवं. वॉरन बफेट यांच्या बर्कशायर हॅथवेनं १९७२ मध्ये सीज कँडीज घेतली. चॉकलेटच्या त्या धंद्याला वाढायला भांडवल कमी लागे, मग उरलेला नफा बर्कशायरनं दुसरे धंदे घेण्यात घातला.

सायली: मग ते यश अनरिलेटेड रचनेचं की बफेट यांच्या पारखीचं?

इरफान: पारखीचं. तीच रचना इतरांच्या हाती कितीदा फसली आहे!

मेघना: पारख होतीच, पण नफा एका धंद्यातून दुसऱ्यात हलवायची मोकळीक रचनेनंच दिली. नुसत्या पारखीवर मी सोडणार नाही.