शब्दचर्चा: ‘रिप्लेसमेंट इफेक्ट’ म्हणजे नेमके कोणाच्या जागी कोण?

अनघा (इंदूर)
औद्योगिक अर्थशास्त्राच्या हिंदी नोट्समध्ये ‘प्रतिस्थापन प्रभाव’ असे लिहिले आहे आणि खाली एकच वाक्य: ज्याच्या मक्तेदारीला धोका नाही अशा उत्पादकाला खर्च घटवणाऱ्या शोधाचा लाभ नवागतापेक्षा कमी होतो. सगळा बाजार त्याच्या हातात असताना लाभ कमी कसा? आणि ‘प्रतिस्थापन प्रभाव’ तर आम्ही चहा महागला की कॉफी घेणे, यासाठी शिकलो होतो.

शैलेश
यात रिप्लेसमेंट म्हणजे जुन्या मशीनच्या जागी नवे. जुन्या कंपनीची मशिनरी अजून पुस्तकात उभी असते, घसारा पूर्ण झालेला नसतो, म्हणून ती नवी पद्धत घेत नाही. नव्या माणसाला ती अडचण नसते. मराठीत ‘यंत्रबदल परिणाम’ म्हणता येईल.

वैशाली
शैलेशजी, मशीनचा इथे संबंध नाही. दोघांकडे एकही जुने मशीन नाही आणि नवी पद्धत दोघांना सारख्याच खर्चात मिळते, असे धरले तरी हा परिणाम उरतोच. बदली होते ती नफ्याची. मक्तेदार आधीच नफा कमावत असतो. शोध लागल्यावर त्याचा नवा नफा जुन्या नफ्याच्या जागी येतो, म्हणून त्याची खरी कमाई म्हणजे फक्त दोघांतला फरक. नवागताचा जुना नफा शून्य, त्यामुळे त्याला मिळते ते सगळे नवे. हा मुद्दा केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये मांडला. हे नाव मात्र नंतर ज्याँ तिरोल यांनी दिले.

अनघा, हिंदीतला तुझा गोंधळ रास्त आहे. चहा-कॉफीच्या परिणामाला मराठी पुस्तकांत ‘पर्यायता परिणाम’ म्हणतात, त्यामुळे मराठीत ही टक्कर टाळता येते.

शैलेश
मशीनचे मागे घेतो. पण हिशेब तरी पटत नाही. बचत म्हणजे नगामागे वाचलेले रुपये गुणिले नग. मक्तेदार सगळ्या बाजाराला माल पुरवतो, म्हणजे नग त्याचेच जास्त. मग बचतही त्याचीच मोठी व्हायला हवी.

वैशाली
सूत्र बरोबर आहे, पण नग त्याचे जास्त नसतात, कमी असतात. आकडे घेऊन पाहू.

एका मालाला १०० रुपये भावात गिऱ्हाईक नाही. भाव एक रुपया उतरला की महिन्याला एक हजार नग जास्त खपतात. आजच्या पद्धतीने नग ६० रुपयांना पडतो, नव्या पद्धतीने ४० ला पडेल.

मक्तेदार आज ८० रुपये भाव ठेवेल. २० हजार नग, नगामागे २० रुपये, म्हणजे महिना ४ लाख. (७९ किंवा ८१ करून पाहा, दोन्हीकडे ३ लाख ९९ हजारच येतात.) खर्च ४० झाला की तो भाव ७० वर आणेल: ३० हजार नग, नगामागे ३० रुपये, एकूण ९ लाख. त्याची वाढ ५ लाख. तुमच्या सूत्राने पाहिले तर जुन्या २० हजार नगांवर २० रुपये, म्हणजे ४ लाख वाचले, आणि भाव उतरवून खप वाढवल्याचा १ लाख वर आला.

आता दुसरा बाजार घ्या. माल तोच, पण जुन्या पद्धतीने करणारे पुष्कळ, त्यामुळे भाव घासून ६० वर आलेला आणि नफा कोणालाच नाही. तिथे एखादा नवा माणूस ४० ची पद्धत घेऊन उतरतो. तो ६० च्या वर जाऊ शकत नाही, नाहीतर जुने उत्पादक गिऱ्हाईक नेतील. ६० ला पैसाभर कमी लावला की ४० हजार नग त्याचे, नगामागे २० रुपये, म्हणजे ८ लाख.

शोध पुरा करायला महिन्याला ६ लाखांचा बोजा पडत असेल, तर नवागत तो करील आणि मक्तेदार करणार नाही. मक्तेदार चढा भाव ठेवण्यासाठी माल कमी काढतो, म्हणून बचत पसरायला त्याच्याकडे नगच कमी असतात. पुस्तकात हे दोन बाजार शेजारी ठेवलेले असतात, एकाच बाजारातली झुंज नसते. बहुतेकांची गफलत इथेच होते.

अनघा
पण इथे फरक ३ लाखांचा आला, जुना नफा तर ४ लाख. नफ्याची बदली एवढेच कारण असेल तर फरक ४ यायला नको?

वैशाली
छान पकडलेस. नवागताला ६० ची वेसण होती, म्हणून त्याचेही थोडे बुडाले. शोध फार मोठा असेल तर ती वेसण सुटते. खर्च १० वर आला असे धर. तेव्हा मक्तेदाराला सोयीचा भाव ५५ आणि नवागतालाही ५५, कारण तो ६० च्या खालीच आहे. दोघांचा नफा २० लाख २५ हजार. नवागताला तो सगळाच मिळाला, मक्तेदाराची वाढ १६ लाख २५ हजार. आता फरक बरोबर ४ लाख. या आकड्यांत खर्च २० किंवा त्याखाली गेला की असे होते.

मुकुंदराव (सांवेर रोड)
आमच्या लांब फ्रेम गॅल्वनाइझ करायला जस्ताची एवढी लांब टाकी इथे आमच्या ओळखीत एकाकडेच आहे. छोट्या टाकीत दोनदा बुडवावे लागते आणि मधला सांधा खराब दिसतो. तो माणूस भट्टी सुधारत नाही, भाव उतरवत नाही. यात सिद्धांत कसला ताई? सरळ आळस आहे.

वैशाली
काका, आळस असेलही, पण ॲरोंच्या हिशेबात मक्तेदार आळशी नाही, पै-पै मोजणारा आहे आणि तरीही थांबतो. तुमच्या माणसाला हे लावण्याआधी एक पाहा: तो खरोखर निर्धास्त आहे का? तुम्ही माल अहमदाबादला पाठवू शकत असाल तर तोच त्याच्या भावावरचा लगाम.

वरच्याच आकड्यांत बाहेरून काम ६५ ला पडत असेल, तर त्याला ८० लावता येत नाहीत. ६५ ला ३५ हजार नग, नगामागे ५ रुपये, जेमतेम पावणेदोन लाख. खर्च ४० झाला तर तेवढ्याच नगांवर पावणेनऊ लाख. वाढ ७ लाख, म्हणजे ६ लाखांचा शोध त्यालाही परवडतो. जुना नफा लहान झाला आणि नग वाढले, की हा परिणाम पातळ होतो.

शैलेश
आणि नवागत दारातच उभा असेल तर? मोठ्या कंपन्या पेटंट विकत घेऊन ठेवतात, ते का?

वैशाली
तिथे पारडे उलटते. तीच ४० ची पद्धत आज विकायला निघाली आणि मक्तेदाराने नाही घेतली तर नवागत घेणार. मग भाव ६० होणार आणि मक्तेदाराचे ४ लाखही जाणार. त्याच्यापुढे आता ९ लाख की शून्य असा प्रश्न आहे, म्हणून तो ९ पर्यंत बोली लावील. नवागताला मिळणार ८, तो तिथेच थांबेल. गिल्बर्ट आणि न्यूबेरी यांनी हे १९८२ मध्ये दाखवले. पण शोध कधी लागेल, लागेल की नाही, हेच ठाऊक नसेल तर पुन्हा ॲरोंची बाजू जड होऊ शकते. यावर एकमत झालेले नाही. म्हणून वाक्यातले ‘धोका नाही’ हे शब्द गाळू नयेत.

अनघा
मग मराठीत ‘नफा-बदली परिणाम’ चालेल?

शैलेश
‘बदली’ म्हटले की सरकारी नोकरी आठवते. ‘स्व-विस्थापन’?

वैशाली
‘विस्थापन’मध्ये नफा गेला असे वाटते. तो जात नाही, मोठ्या नफ्यात जमा होतो. मला ‘नफा-बदली’ जवळचे वाटते, पण अजून कोणी सुचवावे.

मुकुंदराव
अहमदाबादचा दर मागवला आहे. भाडे एका बाजूचे धरायचे की दोन्ही?

वैशाली
दोन्ही बाजूंचे काका, आणि माल तिकडे अडकून पडेल तेवढ्या दिवसांचे व्याजही. हे सगळे मिळून जो आकडा येईल, त्याच्या जरा खाली इथला भाव चिकटलेला असेल तर लगाम लागलेला आहे. बराच खाली असेल तर अहमदाबादमुळे त्याला काही फरक पडत नाही.